उडालेल्या पाण्याची जागा

स्लॅबच्या दिवशी सकाळी मिक्सर सुरू करायच्या आधी मी सगळ्यांना दहा मिनिटं थांबवतो. मुकादमाला ते आवडत नाही, कारण माणसांचा खाडा चालू झालेला असतो. पण एकदा माल पडायला लागला की कुणी ऐकत नाही. वरून गवंडी ओरडतो, “माल घट्ट येतोय, पाणी मार,” आणि खाली मिक्सरवाला आणखी एक बादली ओततो.

त्याचंही काही चुकीचं नसतं. पातळ माल घमेल्यातून सहज उतरतो, सळयांमध्ये आपोआप शिरतो, फळी झरझर फिरते. आणि पाण्याबद्दल सगळ्यांचा एक ठाम समज असतो: “साहेब, पाणीच तर आहे. उन्हात उडून जाईल.”

उडून जातंच. गोची तिथेच आहे.

मग मी हिशेब मांडतो. सिमेंटची गोणी ५० किलोची. हे सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन दगड बनतो. त्या क्रियेत आणि तयार झालेल्या दगडाच्या बारीक कणांत मिळून गोणीमागे साधारण १९ लिटर पाणी अडकतं. एवढ्यात माल कालवणं मात्र अवघड, म्हणून आपण २५ लिटर घालतो. म्हणजे ६ लिटर फक्त माल हलावा म्हणून. आता वरून दहा लिटरची एक बादली ओतली, तर हे फालतू पाणी ६ चं १६ लिटर होतं, जवळजवळ तिप्पट. एका गोणीचं काँक्रीट होतं सव्वाशे लिटरच्या आसपास. त्यातली आठव्या हिश्श्याएवढी जागा पाण्याने धरलेली. पाणी जातं, जागा तशीच राहते.

घमेली उचलणाऱ्या मावश्यांना हे सर्वांत आधी कळतं. धिरड्याचं पीठ सैल केलं की तव्यावर पाणी उडतं आणि जाळी पडते. धिरड्याला जाळी हवी, स्लॅबला नको. स्लॅबमधली जाळी इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही, पण ताकद तिथूनच कमी होते. तेच सिमेंट, तीच वाळू, तीच खडी असताना या एका जादा बादलीने ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटते. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ताकद ठरते, हे डफ एब्रम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ मध्ये शिकागोत असंख्य नमुने फोडून दाखवलं. पुढे गच्चीवरचं पाणी याच वाटांनी सळईपर्यंत पोचतं. सळई गंजून फुगते आणि खालून पोपडे पडतात.

जादा पाणी ओळखायचं कसं? माल ओतल्यावर खडी एकीकडे आणि दूध दुसरीकडे पळतं. सेंटरिंगच्या फटींतून ते दूध खाली गळतं आणि प्लेटा काढल्यावर तिथे खडी उघडी पडलेली दिसते. पृष्ठभागावर पाण्याचा थर तरंगतो. तो सुकवायला गवंडी वर कोरडं सिमेंट भुरभुरतात. मला याचा फार राग येतो, कारण ती नुसती पापडी असते आणि पुढे भुकटी होऊन निघते.

साइटवर तपासायला तीस सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू असतो. त्यात माल ठासून भरायचा, शंकू सरळ वर उचलायचा आणि ढीग किती खचला ते मोजायचं. व्हायब्रेटर असेल तर स्लॅबला पाच ते दहा सेंटिमीटर खचणं पुरतं. सगळा पसरला तर तो माल परत.

एका साइटवर एका तरुण मजुराने विचारलं, “मग उद्यापासून आठवडाभर तुम्हीच पाणी मारायला लावता, ते कसं चालतं?” प्रश्न बिनतोड होता. उद्याचं पाणी घट्ट झालेल्या काँक्रीटवर पडतं. ते खडीला आणि सिमेंटला दूर ढकलू शकत नाही, फक्त आतलं पाणी उडू देत नाही, म्हणून क्रिया चालू राहते. आजचं जादा पाणी मात्र दगड बनायच्या आधीच मध्ये जागा अडवून बसतं.

माल खरंच घट्ट वाटला तर व्हायब्रेटरची नळी नीट फिरवा, किंवा मला सांगा, मी प्लास्टिसायझर घालायला लावतो. ते पाणी न वाढवता माल सैल करतं. कालवून बराच वेळ पडलेला माल पाण्याने पुन्हा जिवंत करायचा नाही.

शेवटी मुकादमासाठी एक गोष्ट. रात्री पाऊस झाला असेल तर वाळू आधीच पाणी प्यालेली असते. गोणीमागे साधारण ८० किलो वाळू लागते. तिच्यात पाच टक्के ओल असली, तर चार लिटर पाणी मिक्सरमध्ये न मोजताच गेलं. त्या दिवशी बादलीतून २१ लिटरच घालायचं.