डब्याचा काठ बघा, मग तासांचा दावा

गेल्या महिन्यात भाचीने फोनवर एका डब्याचा फोटो पाठवला. ती नाशिकहून सिन्नरला कामाला जाते. सकाळी सातला डबा भरते, एकला उघडते. फोटोत बाहेरून चकचकीत स्टीलचा गोल डबा, आत तीन छोटे डबे, भातावर वाफ आणि बाजूला ठळक अक्षरांत ‘८ तास गरम’. "आत्या, घेऊ का?" एवढंच तिने विचारलं होतं.

वाफेकडे मी बघतच नाही, ती फोटोत नंतरही घालता येते. आधी झाकण काढलेला फोटो शोधायचा आणि तो मोठा करून डब्याचा काठ बघायचा. निर्वात भांड्यात स्टीलच्या दोन भिंती असतात, त्यांच्यामधली हवा काढून टाकलेली असते आणि त्या काठाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे आतलं स्टील काठावरून सलग बाहेर वळलेलं दिसतं. भाचीच्या डब्याच्या काठावर काळी प्लास्टिकची कडी होती. आतलं भांडं आणि बाहेरचा पत्रा त्या कडीत बसवलेले. अशा डब्याच्या पोटात निर्वात पोकळी नसते, फोम असतो किंवा नुसती हवा.

दुसरा फोटो बुडाचा. निर्वात भांड्यातली हवा काढून तिथेच तोंड बंद केलेलं असतं, म्हणून बुडाशी मधोमध छोटा खळगा किंवा तो झाकणारी चकती बऱ्याचदा दिसते. आयएसआय चिन्ह आणि त्याचा क्रमांकही बहुधा इथेच किंवा वेष्टनावर सापडतो. आयएस १७५२६ हे घरगुती स्टीलच्या निर्वात फ्लास्कचं मानक, आयएस १७५६९ हे अन्न ठेवण्याच्या उष्णतारोधक डब्यांचं. म्हणजे नुसता क्रमांक वाचूनही वस्तूची जात कळते. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासता येतो. विक्रेता बुडाचा फोटो देत नसेल, तर मागून घ्यावा. वर्णनात ‘इन्सुलेटेड’ लिहिलंय की ‘व्हॅक्यूम’, हेही वाचावं. पहिल्या शब्दात फोमही खपतो.

आता तासांकडे. माझ्याकडे याच जातीचा फोमचा डबा आहे. त्यात ९० अंशांचं पाणी भरून मी तापमापी घेऊन बसले. घरात २८ अंश होते. दोन तासांनी पाणी ५८ वर आलं, चारला ४३, सहाला ३५. पदार्थ खोलीपेक्षा जितका जास्त गरम, तितका तो झपाट्याने निवतो. इथे दर दोन तासांनी फरक साधारण निम्मा होत गेला. त्यातही तीन छोटे डबे म्हणजे प्रत्येकात थोडंसं अन्न आणि निवायला पृष्ठभाग जास्त. भाचीच्या डब्यात एक वाजता वरण कोमटच असणार. अन्न साठ अंशांखाली तासन्‌तास राहिलं तर जंतू वाढायला वाव मिळतो, त्यामुळे प्रश्न नुसत्या चवीचा नाही.

निर्वात फ्लास्कचं गणित वेगळं. माझ्या अर्धा लिटरच्या फ्लास्कमध्ये ९५ अंशांचं पाणी सहा तासांनी ७० वर होतं. त्याच वेगाने हिशेब केला तर बारा तासांनी ५४ आणि चोवीस तासांनी ३८. म्हणजे ‘२४ तास गरम’ लिहिलेल्या फ्लास्कमधला चहा दुसऱ्या सकाळी आपल्या अंगाइतकाच गरम. म्हणून तासांच्या शेजारी अंश लिहिलेत का, ते पाहा. किती तासांनी किती अंश आणि कोणत्या मापाच्या फ्लास्कमध्ये, हे नसेल तर दाव्याला अर्थ नाही. एक लिटरचा फ्लास्क अर्ध्या लिटरच्यापेक्षा बराच सावकाश निवतो, कारण उष्णता मुख्यतः गळ्यातून आणि झाकणातून जाते आणि तोंड दोन्हींचं जवळपास सारखंच असतं. रुंद तोंडाच्या भांड्याचं झाकण मोठं, म्हणून त्याचे तास अरुंद तोंडाच्या फ्लास्कपेक्षा कमीच धरायचे.

फोटोतून एक गोष्ट मात्र कधीच कळत नाही, ती म्हणजे पोकळी अजून शाबूत आहे का. जोडाला बारीक चीर गेली तरी भांडं दिसायला तसंच राहतं. त्यासाठी वस्तू घरी आली की त्यात उकळतं पाणी भरा, झाकण लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. गळा थोडा कोमट लागला तर चालेल, पण पोट किंवा बूड गरम लागलं तर लगेच परत करा.

भाचीला मी तो डबा घेऊ दिला नाही. काठ सलग स्टीलचा, बुडावर चिन्ह आणि सहा तासांनंतरचे अंश लिहिलेला रुंद तोंडाचा निर्वात डबा तिने घेतला. सकाळी तो आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटं तापवून, मग त्यात खिचडी काठोकाठ भरायची, असंही सांगितलं. अर्धा भरलेला डबा लवकर निवतो.