ग्राहक-उधारीचे नियंत्रण परीक्षण

ग्राहक-उधारीचे नियंत्रण परीक्षण ही अंतर्गत लेखापरीक्षणाची एक शाखा होय. ग्राहकाला किती रकमेपर्यंत माल उधार द्यायचा, विकलेला माल परत आल्यास त्याची नोंद कशी करायची आणि वसूल न होणारी रक्कम बुडीत म्हणून खात्यातून केव्हा काढायची, हे तीन निर्णय ठरलेल्या अधिकाऱ्यांनी, ठरलेल्या पुराव्यांवर घेतले आहेत की नाहीत, याची तपासणी या परीक्षणात केली जाते. वरवर पाहता हे तीन निर्णय विक्री, भांडार आणि लेखा अशा तीन विभागांचे असले, तरी तिन्हींचा परिणाम ग्राहकाच्या एकाच खात्यावर होतो. म्हणून त्यांचे परीक्षण एकत्र करावे लागते.

## तिन्ही निर्णयांचा परस्परसंबंध

ग्राहकाच्या खात्यावरील येणे बाकी मुख्यतः तीन मार्गांनी कमी होते. ग्राहक पैसे देतो, माल परत करतो किंवा व्यापारी ती रक्कम बुडीत म्हणून सोडून देतो. पहिल्या मार्गाने रोकड हाती येते आणि बँकेचा उतारा तिची साक्ष देतो. उरलेल्या दोन मार्गांत पैसा येत नाही. केवळ एका नोंदीने बाकी नाहीशी होते. त्यामुळे वसुलीची रक्कम मधल्यामध्ये गहाळ करणाऱ्याला किंवा फसलेली उधारी लपवू पाहणाऱ्याला हेच दोन मार्ग सोयीचे पडतात.

उधार मर्यादा याच साखळीची पहिली कडी आहे. संगणकीय लेखाप्रणालीत प्रत्येक ग्राहकापुढे मर्यादेची रक्कम नोंदलेली असते. जुनी बाकी आणि नवी मागणी यांची बेरीज त्या रकमेपेक्षा अधिक झाली, की प्रणाली नवे बीजक रोखते. हा अडसर दूर करण्याचे उघड मार्ग दोनच: मर्यादा वाढवून घेणे किंवा ग्राहकाकडून पैसे आणणे. मात्र विक्री परत दाखवणारी जमा चिठ्ठी, म्हणजेच क्रेडिट नोट, काढली की बाकी उतरते आणि मर्यादेला हात न लावताही अडसर दूर होतो. म्हणून केवळ मर्यादांची यादी तपासणारे परीक्षण अपुरे ठरते.

## कामांची विभागणी

या क्षेत्रातील मूळ तत्त्व असे, की ज्याला विक्री वाढल्याचा लाभ होतो त्याच्या हाती उधारीचा अंतिम निर्णय नसावा आणि ज्याच्या हाती वसुलीची रोकड येते त्याला ग्राहकाच्या खात्यात जमा नोंद करता येऊ नये. व्यवहारात याचा अर्थ पुढीलप्रमाणे होतो. मर्यादेची शिफारस विक्री विभाग करतो, पण मंजुरी लेखा किंवा पत विभाग देतो. परत आलेला माल भांडारपाल मोजून घेतो, त्याची आवक पावती बनवतो आणि त्या पावतीवाचून जमा चिठ्ठी निघत नाही. बुडीत रकमेची मंजुरी रकमेच्या टप्प्यांनुसार वरिष्ठांकडे जाते आणि विशिष्ट रकमेपुढे संचालकांची स्वाक्षरी आवश्यक असते.

बुडीत रक्कम खात्यातून काढणे, म्हणजे निर्लेखन, आणि संशयित कर्जासाठी तरतूद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरतूद केल्यावर ग्राहकाच्या खात्यावर बाकी कायम राहते आणि वसुलीचा पाठपुरावा चालू राहतो. निर्लेखनानंतर ती बाकी खात्यातून जाते. नंतर ग्राहकाने पैसे आणून दिले, तर ते कोणी मागितले नव्हते आणि कोठे जमा व्हायला हवे होते हे सांगणारी नोंदच उरत नाही. या कारणाने निर्लेखित खात्यांची स्वतंत्र स्मरण नोंदवही ठेवण्याची पद्धत आहे आणि ती नसणे हा परीक्षणातील गंभीर शेरा मानला जातो.

## उदाहरण

रंगांच्या एका घाऊक विक्रेत्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. एका दुकानदाराला ५,००,००० रुपयांची मर्यादा आणि ४५ दिवसांची मुदत दिलेली आहे. मार्च महिन्याच्या अखेरीस त्याची बाकी ४,७२,००० रुपये असून तिच्यातील जुनी बीजके मुदतीबाहेर गेली आहेत. त्याला १,००,००० रुपयांचा माल आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून १,१८,००० रुपयांचे नवे बीजक करायचे आहे. बेरीज ५,९०,००० होते, म्हणून प्रणाली बीजक अडवते.

२७ मार्च रोजी त्याच्या खात्यावर १,१८,००० रुपयांची विक्री परत जमा चिठ्ठी निघते आणि ती सर्वांत जुन्या बीजकापोटी वळती केली जाते. बाकी ३,५४,००० होते. २८ मार्चला नवे बीजक निघते आणि बाकी पुन्हा ४,७२,००० वर येते. ११ एप्रिलला ‘चुकीची नोंद’ असे कारण देऊन जमा चिठ्ठी रद्द केली जाते. आता बाकी ५,९०,००० रुपये, म्हणजे मर्यादेच्या ९०,००० पुढे आहे. परंतु ही वाढ बीजकाने झालेली नसल्याने प्रणाली तिला अडवत नाही. शिवाय रद्द करण्याच्या नोंदीला एप्रिलची तारीख असल्यामुळे मुदतवार बाकीच्या तक्त्यात जुने येणे नव्यासारखे दिसू लागते.

सप्टेंबरात दुकान बंद पडते. कंपनीच्या नियमानुसार २,००,००० रुपयांपर्यंतचे निर्लेखन मुख्य लेखापाल मंजूर करू शकतो. त्यापुढे संचालकांची मंजुरी लागते. खात्यावर तीन महिन्यांत १,९६,०००, १,९७,००० आणि १,९७,००० अशा तीन निर्लेखन नोंदी होतात. बेरीज बरोबर ५,९०,००० भरते आणि एकही नोंद संचालकांपुढे जात नाही.

प्रत्येक कागद सुटा पाहिला तर त्यावर अधिकृत स्वाक्षरी आढळते. दोष दिसतो तो खाते सलग वाचल्यावर. मार्चमधील अडसर पाळला गेला असता तर नुकसान ४,७२,००० रुपयांवर थांबले असते. म्हणजे उरलेले १,१८,००० रुपयांचे नुकसान थेट नियंत्रण मोडल्यामुळे झाले.

## परीक्षणाची पद्धत

परीक्षक प्रथम मर्यादांमधील बदलांची नोंद मागवतो. मर्यादा कोणी, केव्हा आणि किती बदलली, तसेच ती काही दिवसांसाठी वाढवून पुन्हा पूर्ववत केली काय, हे त्यातून कळते. केवळ वर्षअखेरची यादी पाहिल्यास मधली तात्पुरती वाढ दिसत नाही. कंपन्यांच्या बाबतीत १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी, लेखाप्रणालीत प्रत्येक व्यवहाराचा व त्यातील बदलाचा तारखेसह माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येऊ नये, असे नियमाने बंधन आहे. त्यामुळे वरील उदाहरणातील रद्द केलेल्या जमा चिठ्ठीचा शोध सुकर होतो.

विक्री परत तपासताना दोन्ही दिशांनी जावे लागते. जमा चिठ्ठीकडून भांडाराच्या आवक पावतीकडे आणि फाटकावरील वाहन नोंदवहीकडे गेल्यास न आलेल्या मालाची जमा उघडकीस येते. फाटकाच्या नोंदवहीकडून जमा चिठ्ठीकडे गेल्यास आलेला पण ग्राहकाला जमा न दिलेला माल सापडतो. रंगाच्या डब्यांवर उत्पादन-गट क्रमांक असतो. परत आलेल्या डब्यांचा क्रमांक मूळ विक्रीशी जुळला पाहिजे. वाहतुकीसाठी ई-वे बिलाची सर्वसाधारण मर्यादा ५०,००० रुपये असून महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीसाठी ती १,००,००० रुपये आहे. म्हणून १,१८,००० रुपयांचा माल खरोखर परत आला असेल, तर ई-वे बिल मिळायला हवे. ते नसणे ही पहिली खूण होय.

वर्षअखेरीच्या मागचे-पुढचे काही आठवडे विशेष बारकाईने पाहिले जातात. मार्चमध्ये बीजके आणि एप्रिलमध्ये त्याच मालाची परती असा क्रम एकाच ग्राहकाकडे आढळल्यास विक्रीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी माल केवळ ढकलला गेल्याचा संशय घेतला जातो.

निर्लेखन तपासताना प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्रपणे न पाहता एका ग्राहकाच्या बारा महिन्यांतील सर्व निर्लेखन नोंदींची बेरीज केली जाते. मंजुरीच्या टप्प्याच्या किंचित खाली थांबणाऱ्या रकमा वेगळ्या काढल्या जातात. सोबत वसुलीचा पुरावा, म्हणजे स्मरणपत्रे, नोटिसा आणि न वटलेले धनादेश, पाहिला जातो. ग्राहकाला परीक्षकाने थेट पत्र पाठवून बाकीची खात्री करणे हा सर्वांत बळकट उपाय आहे. ‘पैसे कधीच दिले आहेत’ असे उत्तर आल्यास प्रश्न बुडीत उधारीचा नसून वसुलीच्या अपहाराचा असतो.

## कराचा पैलू

विक्री परत आणि बुडीत रक्कम यांना करकायदा वेगवेगळी वागणूक देतो आणि त्यातून एकाला दुसऱ्याचे रूप देण्याचा मोह निर्माण होतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३४ अन्वये माल परत आल्यास विक्रेता जमा चिठ्ठी काढून आपले करदायित्व कमी करू शकतो. त्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत मुदत असते. केवळ पैसे बुडाले म्हणून अशी घट मिळत नाही. उदाहरणातील ५,९०,००० रुपयांत ९०,००० रुपये कराचे आहेत. निर्लेखन केल्यास ते परत मिळत नाहीत. खोटी विक्री परत दाखवल्यास मिळाल्यासारखे दिसतात. अशी नोंद ही करचुकवेगिरी ठरते. खरेदीदाराने आपले कर-श्रेय त्या प्रमाणात उलटवले आहे काय, हे पाहिल्यास ती उघड होऊ शकते.

२०२६ पर्यंत लागू असलेल्या आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ३६(१)(सात) खाली बुडीत कर्जाची वजावट मिळत असे. टीआरएफ लिमिटेड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असा निर्णय दिला, की १ एप्रिल १९८९ नंतर कर्ज खरोखर वसूल न होण्याजोगे झाले आहे हे सिद्ध करण्याची गरज नसून पुस्तकांत ते निर्लेखित केलेले असणे पुरेसे आहे. हा निर्णय करापुरता आहे. कंपनीच्या अंतर्गत मंजुरीसाठी वसुलीच्या प्रयत्नांचा पुरावा मागणे त्यामुळे अनावश्यक होत नाही.

## मर्यादा

कामांची विभागणी एकट्याच्या गैरकृत्याला आवर घालते. संगनमतापुढे ती दुबळी पडते. विक्री अधिकारी आणि भांडारपाल एक झाले, तर आवक पावतीही खोटी बनते. अशा वेळी मालाची प्रत्यक्ष मोजणी आणि ग्राहकाचे थेट उत्तर एवढेच पुरावे उरतात, कारण ते दोन्ही त्या दोघांच्या हाताबाहेरचे असतात. लहान पेढीत दोन-तीनच कर्मचारी असल्याने विभागणी शक्य होत नाही. तेथे मालकाने दरमहा सर्व जमा चिठ्ठ्या आणि निर्लेखन नोंदी स्वतः पाहणे, तसेच काही ग्राहकांना स्वतः दूरध्वनी करून बाकी विचारणे, हा पर्यायी उपाय मानला जातो.