रात्रीचा घाम : उन्हाळ्याचा, औषधाचा आणि रोगाचा

रात्री झोपेत अंगास घाम सुटून कपडे व अंथरूण ओले होणे ही तक्रार आली म्हणजे, रुग्ण पंचेचाळीस-पन्नाशीची स्त्री असल्यास रजोनिवृत्तीकडे बोट दाखविले जाते, आणि पुरुष असल्यास ऋतुमानाकडे. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावसारख्या तालुक्यात हे दुसरे कारण विशेष सोयीचे ठरते. तेथे मे महिन्यात दिवसाचे तापमान ४४ अंशांच्या घरात जाते. पत्र्याचे छप्पर वा सिमेंटचा स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली सोडीत राहतो. अशा घरात घाम न आला तरच नवल. परंतु सर्वांनाच घाम येत असल्यामुळे रोग्याचा घाम त्यात लपून जातो. तो ओळखावा कसा, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. रजोनिवृत्तीमुळे येणारा घाम येथे विचारात घेतलेला नाही.

प्रथम घामाची यंत्रणा पाहू. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान एका ठराविक पातळीवर राखतो. रात्री ही पातळी आपोआप थोडी खाली उतरते आणि पहाटे चारच्या सुमारास ती सर्वांत कमी असते. शरीर या पातळीहून अधिक उष्ण असेल तर त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात व घाम सुटतो. म्हणजे घाम येण्यास दोन मार्ग संभवतात. एक, बाहेरील उष्णता शरीरास निवू देत नाही. दुसरा, जंतुसंसर्गामुळे ही पातळीच काही तास वर चढते आणि ती पूर्वस्थानी उतरताना साठलेली उष्णता घामावाटे बाहेर टाकली जाते. पहिल्या प्रकारात दोष अंथरुणाचा, दुसऱ्यात रोगाचा. यांखेरीज काही औषधे व विषे घर्मग्रंथींना वा त्यांच्या नसांना चेतवितात. तेव्हा तापमानाचा संबंध नसतानाही घाम येतो.

अंथरुणाची परीक्षा सर्वांत सोपी असल्याने आरंभ तेथून करावा. फोमची गादी व कृत्रिम धाग्याची चादर शरीराची उष्णता आणि ओल कोंडून ठेवतात. कापसाच्या गादीवर सुती चादर असल्यास ती बाहेर पडते. कूलरचा थंडावा पाण्याच्या बाष्पीभवनावर अवलंबून असतो. मे महिन्यातील कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण पाऊस सुरू झाल्यावर हवा दमट होते आणि बंद खोलीतील कूलर ओल वाढवून घाम वाळू देत नाही. म्हणून सात रात्री अंगणात किंवा गच्चीवर, दोरीच्या अगर नवारीच्या खाटेवर, एका सुती चादरीत झोपून पाहावे. घाम थांबला, तर कारण सापडले. आजूबाजूची माणसे कोरडी असताना एकाचेच कपडे भिजून बदलावे लागत असतील, तर ऋतूस दोष देणे सोडावे.

पुढील पायऱ्या एका उदाहरणाने स्पष्ट होतील. हे उदाहरण कल्पित आहे, परंतु त्यातील क्रम प्रत्यक्ष उपयोगाचा आहे. बावन्न वर्षांचा एक कापूस उत्पादक मे महिन्याच्या अखेरीस तक्रार घेऊन येतो. तीन आठवडे रात्री घाम येत आहे. मधुमेहासाठी तो ग्लिमेपिराइड ही गोळी घेतो. बाहेर झोपूनही घाम थांबलेला नाही.

येथे पहिला संशय औषधावर जातो, आणि तो रास्त आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लॅमाइड किंवा इन्सुलिन घेणारा मनुष्य रात्री कमी जेवला, तर झोपेत त्याच्या रक्तातील साखर फार उतरते. शरीर त्यास घाम, धडधड व भयंकर स्वप्नांनी उत्तर देते, आणि सकाळी डोके दुखते. निर्णय करावयाचा तर घाम आलेला असतानाच बोटातून रक्त काढून साखर मोजली पाहिजे. सकाळची मोजणी येथे फसविते. आकडा ७० मिलिग्रॅमखाली असल्यास तत्काळ साखर द्यावी आणि वैद्याकडून औषधाची मात्रा बदलून घ्यावी. आपल्या उदाहरणात रात्री तीन वाजता साखर १३२ भरते. म्हणजे गोळी निर्दोष ठरते.

आता तापमान पाहावे. तापमापक सायंकाळी सहाला व घामाच्या वेळी, असे चार-पाच दिवस लावावे आणि त्या दिवसांत पॅरासिटॅमॉल टाळावे. ती गोळी ताप झाकते, इतकेच नव्हे तर ताप उतरविताना स्वतःच घाम आणते. या रुग्णाचे सायंकाळचे तापमान ३८ अंश सेल्सिअस भरते आणि सहा महिन्यांत त्याचे वजन ६२ किलोवरून ५७ वर आलेले असते. खोकला असल्याचे तो विचारल्यावरच सांगतो. धुळीचा म्हणून त्याने तो सोडून दिलेला असतो.

खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्रीचा घाम या चार लक्षणांवरून क्षयाची चाळणी केली जाते. मधुमेह्यास क्षयाचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. अशा वेळी थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी व छातीचे क्ष-किरण चित्र अवश्य करावे. या तपासण्या जंतूंचा जनुकीय अंश शोधतात आणि रिफॅम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही हेही सांगतात. सरकारी रुग्णालयांत त्या विनामूल्य होतात. साध्या क्षयाचा उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो आणि घाम बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. मात्र रिफॅम्पिसिन ग्लिमेपिराइडचा परिणाम कमी करते, म्हणून साखर पुन्हा वरचेवर मोजावी लागते.

या वाटेवर एक चूक वारंवार घडते. खोकल्यासाठी तपासणीविना लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक दिले जाते. ते क्षयाच्या जंतूंवरही काही अंशी चालते, त्यामुळे आठ-दहा दिवस बरे वाटते, घाम कमी होतो आणि निदान मात्र लांबते.

थुंकी निर्दोष निघाली तर शोध थांबत नाही. मान, काख व जांघेत न दुखणाऱ्या गाठी आहेत का, हे पाहावे. चिंब करणारा घाम, ताप व सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजनघट ही लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचीही लक्षणे आहेत. ताप नाही, पण धडधड व हातांचा कंप आहे, तर थायरॉइड तपासावे. नैराश्यावरील अनेक औषधांनीही रात्री घाम येतो; ती मनाने बंद न करता वैद्यास विचारावे.

कापसाच्या या मुलखात आणखी एक कारण विसरता येत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात ठेवावे लागले. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके नसांचा संदेश थांबू देत नाहीत, म्हणून घर्मग्रंथी अखंड स्रवतात. फवारणीच्या दिवशी वा रात्री घामाबरोबर लाळ, उलटी, छातीत घरघर किंवा डोळ्यांतील बाहुल्या बारीक झालेल्या दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यासह त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

नुसता घाम, इतर कोणतेही लक्षण नसता, क्वचितच गंभीर असतो. पुष्कळदा पूर्ण तपासणीनंतरही त्याचे कारण सापडत नाही. परंतु थंड अंथरुणातही तो दोन आठवड्यांहून अधिक टिकला, किंवा त्याला ताप, खोकला, वजनघट अथवा गाठ यांपैकी एकाचीही जोड मिळाली, तर तपासणी लांबवू नये, मग बाहेर मे महिना असो वा नसो.