लिनक्स टाकताना थोडी जागा कोणालाच देऊ नका

नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना एका पडद्यावर बहुतेकजण अडखळतात. डिस्कची वाटणी कशी करायची, हा तिथला प्रश्न असतो. रूट म्हणजे जिथे खुद्द लिनक्स आणि सगळे प्रोग्रॅम राहतात ती जागा. होममध्ये आपली कागदपत्रं, फोटो आणि डाउनलोड असतात. दोन्ही एकाच पार्टिशनमध्ये ठेवले, तर डाउनलोडच्या ढिगाऱ्यात सिस्टीमचा श्वास कोंडू शकतो. वेगळे केले, तर कोणाला किती द्यायचं हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं, आणि त्या दिवशी आपल्याला पुढच्या गरजांची फारशी कल्पना नसते.

बरेचजण रूटला वीस जीबी देऊन बाकी सगळं होमला देतात. सुरुवातीला तेवढं पुरतंही, कारण डेस्कटॉप आणि ऑफिसचे प्रोग्रॅम धरून रूटवर साधारण दहा-पंधरा जीबीच लागतात. जागा खाल्ली जाते ती नंतर, आणि तीही `/var` या फोल्डरमध्ये. सगळ्या वापरकर्त्यांसाठी टाकलेले फ्लॅटपॅक प्रोग्रॅम `/var/lib/flatpak` मध्ये जातात, तर डॉकरच्या प्रतिमाही `/var/lib` मध्येच. वापरणाऱ्याला वाटतं, प्रोग्रॅम मी टाकला म्हणजे तो माझ्या होममध्ये असणार. प्रत्यक्षात रूट भरत असतं. मग एखादं अपडेट अर्ध्यात थांबतं आणि `No space left on device` असा संदेश येतो, तेव्हा होममध्ये तीनशे जीबी मोकळे पडलेले असतात.

ही मोकळी जागा उचलून रूटला देणं साध्या पार्टिशनमध्ये फार जिकिरीचं आहे. पार्टिशनं शेजारच्या शेतांसारखी एकाला एक लागून असतात. रूट वाढवायचं तर होमचा सुरुवातीचा बांध पुढे सरकवावा लागतो, आणि त्यासाठी आतला सगळा डेटा हलवावा लागतो. हे काम पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून करावं लागतं, त्याला तासन्‌तास लागू शकतात आणि मध्येच वीज गेली तर डेटा गमावण्याची भीती असते. शिवाय `ext4` ही नेहमीची फाइल सिस्टीम चालू असताना वाढवता येते, पण लहान करायची तर आधी बंद करावी लागते. माझ्या मते सगळं नियोजन या एका गोष्टीवर बेतावं: वाढवणं सोपं, आकसवणं अवघड. म्हणून दोघांनाही आज कमीच द्यावं आणि उरलेलं राखून ठेवावं.

एलव्हीएममुळे हे जमतं. त्यात डिस्कचा एक सामायिक साठा बनतो आणि त्यातून रूट, होम यांना हवे तेवढे तुकडे मिळतात. तुकडे सलग नसले तरी चालतात, त्यामुळे शेजारी कोण आहे हा प्रश्नच उरत नाही.

५१२ जीबीची डिस्क घेऊ. लिनक्स ती सुमारे ४७६ दाखवतं, कारण त्याचं मोजमाप १०२४ च्या पटीत असतं. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये पूर्ण डिस्क एलव्हीएमसह वापरण्याचा आणि `/home` वेगळं ठेवण्याचा पर्याय निवडा. पुढे साठ्यातली किती जागा वापरायची असं तो विचारतो. उत्तराच्या चौकटीत पूर्ण आकार आधीच भरलेला असतो आणि घाईत लोक तोच मान्य करतात. तिथे २५० जीबी लिहा. सिस्टीम सुरू झाल्यावर साठ्यात किती शिल्लक आहे ते पाहा, आणि रूट ५० पेक्षा लहान बनलं असेल तर ते वाढवा. संगणकाचं नाव `laptop` ठेवलं असेल तर आज्ञा अशा:

```
sudo vgs
sudo lvextend -r -L 50G /dev/laptop-vg/root
```

पहिलीच्या `VFree` या रकान्यात शिल्लक दिसते. दुसरीतलं `-r` विसरू नका. त्याशिवाय तुकडा वाढतो, पण आतली फाइल सिस्टीम आहे तेवढीच राहते. पुढे होम कमी पडलं तर `root` च्या जागी `home` आणि `50G` च्या जागी `+40G` लिहायचं. संगणक बंद करावा लागत नाही.

कोण भरलं हे `df -h` सांगतं. होम पूर्ण भरलं की पासवर्ड बरोबर असूनही पडदा पुन्हा लॉगिनवरच येऊ शकतो. तेव्हा Ctrl, Alt आणि F3 एकत्र दाबून अक्षरी पडद्यावर लॉगिन करावं आणि तीच आज्ञा द्यावी. रूट फुगलं असेल तर `sudo du -xh --max-depth=2 /var` दोषी फोल्डर दाखवतं. त्यातलं `-x` फक्त त्याच फाइल सिस्टीमचा हिशेब करतं.

आणखी थोडी जागा अशीच मिळू शकते. `ext4` प्रत्येक फाइल सिस्टीममध्ये पाच टक्के जागा प्रशासकासाठी राखते. रूटवर ती असू द्यावी, कारण साधे प्रोग्रॅम अडले तरी सिस्टीमची कामं काही काळ चालू राहतात. होमवर मात्र तिचा फारसा उपयोग नाही. `sudo tune2fs -m 1 /dev/laptop-vg/home` दिलं की दोनशे जीबीच्या होममध्ये सुमारे आठ जीबी मोकळे होतात.

साठ्यातली शिल्लक संपली, तर मात्र होम बंद करून लहान करणं किंवा नवी डिस्क जोडणं एवढेच मार्ग राहतात. नवी डिस्क त्याच साठ्यात घातली आणि होम दोन्ही डिस्कवर पसरलं, तर एक बिघडली तरी अख्खं होम जाऊ शकतं. म्हणून `VFree` वीस जीबीच्या खाली जाऊ लागलं की आधी जुने व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवावेत.