‘जरा बघून घ्या’ म्हणजे नेमकं काय बघू?

समजा, पतसंस्थेच्या शाखेतल्या कनिष्ठ अधिकाऱ्याने थकबाकीचा तिमाही अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. पान २ वर लिहिलंय, ‘वसुली समाधानकारक आहे.’ पान ५ वरचा तक्ता मात्र सांगतो की थकबाकी जूनअखेर ६.२ टक्के होती, ती सप्टेंबरअखेर ७.९ टक्के झाली. परवा संचालक मंडळाची बैठक आहे.

साहेब तापट असतील तर म्हणतील, “लक्ष कुठे असतं तुमचं?” भिडस्त असतील तर म्हणतील, “छान झालाय, फक्त जरा बघून घ्या.” पहिल्या वाक्याने माणूस दुखावतो आणि दुसऱ्याने तो निर्धास्त होतो. पान २ वरचं वाक्य दोन्ही वेळा जागच्या जागी राहतं. माझ्या मते यातलं दुसरं वाक्य जास्त घातक, कारण त्यातलं ‘छान’ तेवढं ऐकू येतं.

अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम उलट खालावलेलं दिसलं. त्यांचं स्पष्टीकरण असं, की लक्ष कामावरून हटून स्वतःकडे वळलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो. ‘लक्ष कुठे असतं’ हा प्रश्न नेमका तेच करतो.

मग शेरा कसा लिहावा? असा: “पान ५ वरचा तक्ता नीट जुळवलाय, कर्जप्रकारानुसार फोड केल्यामुळे वाढ वाहनकर्जात आहे हे लगेच कळतं. पण पान २ वर वसुली समाधानकारक म्हटलंय आणि तक्त्यात थकबाकी वाढलीय. संचालक पहिला प्रश्न यावरच विचारतील. ‘समाधानकारक’ म्हणण्यामागे काही कारण आहे का? नसेल तर ते वाक्य काढून वाढ किती, कुठे आणि आपण काय करणार, हे तीन-चार ओळींत लिहा. उद्या दुपारपर्यंत द्या.”

यात कौतुक आहे, पण ते खरं आणि नेमकं आहे. कडू गोळीवरचा गूळ नाही. प्रश्नही खराच विचारलाय. कदाचित मोठी वसुली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाली असेल आणि कनिष्ठाच्या डोक्यात तीच असेल. तसं असेल तर ती तारखेनिशी वेगळी लिहावी लागेल.

शुद्धलेखनाच्या चुका आणि समासाची रुंदी याच शेऱ्यात घालू नका. वीस लाल खुणांमध्ये ऱ्हस्व-दीर्घ आणि चुकीचा निष्कर्ष एकाच तोलाचे दिसतात, आणि सोपं ते आधी दुरुस्त होतं. किरकोळ बाबी ‘वेळ मिळाल्यास’ असं लिहून खाली टाकाव्यात. शेरा तोंडी दिलात तर शेवटी विचारा, “मग आता काय काय बदलताय?”

दुसऱ्या मसुद्यात वेलांट्या सुधारल्या आणि ‘समाधानकारक’ तसंच राहिलं, तर कनिष्ठावर चिडण्याआधी आपला शेरा पुन्हा वाचा. बहुतेक वेळा तो मोघम निघतो.