परदेशातल्या मुलांचा ऑनलाइन मराठी तास

परदेशात वाढणाऱ्या अनेक मराठी मुलांना घरातलं बोलणं कळतं, पण ती उत्तर देतात इंग्रजीत. अशा मुलांना अगदी नवशिक्यांचे धडे कंटाळवाणे होतात. इथलं पहिलीचं पुस्तक लावावं, तर बोलणं येतंच असं ते धरून चालतं. त्यामुळे पाठ आखायचा तो कळण्यातून बोलण्याकडे नेणारा.

मुलं हमखास अडखळतात ती लिंगापाशी. ‘मी जातो’ म्हणणारा मुलगा त्याच चालीवर ‘मी पोळी खाल्ला’ म्हणतो. इथे क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे नाही, पोळीप्रमाणे चालतं, हा नियम सांगून सात-आठ वर्षांच्या मुलाला काही उमगत नाही. त्यापेक्षा पाच मुलांचा चाळीस मिनिटांचा तास जेवणाच्या डब्यावर बेतता येतो. पोळी, भात आणि लोणचं, एवढे तीनच पदार्थ पुरतात. ‘काय खाल्लंस?’ असं विचारलं की ‘पोळी’ एवढंच उत्तर येतं आणि क्रियापद निसटतं. म्हणून प्रश्न असा हवा: ‘पोळी खाल्लीस की ठेवलीस?’ आता ‘खाल्ली’ म्हटल्याशिवाय सुटका नाही. मग भात खाल्ला, लोणचं खाल्लं. पुढच्या आठवड्यात न शिकवलेले शब्द द्यावेत. ‘इडली खाल्ली’, ‘पास्ता खाल्ला’ आपसूक आलं, तर नियम मुरला. नाहीतर नुसतं पाठांतर झालं.

शाळेसारखं सगळ्यांनी एका सुरात म्हणणं ऑनलाइन जमत नाही. आवाज मागेपुढे पोचतात, चुका त्या गोंधळात बुडतात. शिवाय बाईंच्या मागोमाग मुलगेही ‘मी वाचते’ म्हणतात. आईचंच मराठी कानावर पडणाऱ्या घरांतही हेच होतं. एकेकाला नाव घेऊन विचारलेलं बरं. शेवटची दहा मिनिटं वाचनाला: ग, र, म एवढ्या अक्षरांवर ‘गरम’ वाचता येतो, आणि तो शब्द मुलांच्या ओळखीचाही असतो.

वेळेचा घोळ याहून चिवट. न्यू जर्सीत उन्हाळ्यात शनिवारी सकाळी साडेनऊला तास ठेवला, तर पुण्यातल्या शिक्षिकेकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, भारतातली जागेवरच राहतात. पुण्याचे सात कायम ठेवले, तर मुलांना साडेआठलाच बसावं लागतं, आणि शनिवारी ती उठलेलीच नसतात. म्हणून वेळ मुलांच्या घड्याळाने ठरवावी आणि हिवाळ्यात शिक्षिकेने आठला बसावं. लंडनची मुलं याच वर्गात घेतली, तर मार्चमध्ये आणखी गुंता होतो. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे लंडनचा अडीचचा तास दीडला, ऐन जेवणाच्या वेळी येतो. दोन देशांचे गट वेगळे ठेवणं हाच त्यातला सोपा मार्ग. मुलं कमी असल्याने ते परवडत नसेल, तर तेवढ्या आठवड्यांची वेळ पालकांना फेब्रुवारीतच कळवावी लागते.