जोडाक्षर आले की लय का तुटते?

समूहगीताची तालीम बहुधा ठरावीक जागी अडते. ध्रुवपद छान जमते, चालही सगळ्यांना पाठ असते. पण अंतऱ्यात लय दुप्पट झाली की पुढची रांग एक शब्द म्हणते आणि मागची दुसरा. अशा वेळी सूर तपासण्याआधी शब्द तपासावा.

समजा, ओळ आहे ‘स्वातंत्र्याचा जयघोष करू’. पहिल्या शब्दात चार अक्षरे, चारही गुरू, म्हणून छंदाच्या हिशेबाने आठ मात्रा. केरव्याचे मिनिटाला १२० ठोके पडत असतील आणि एका ठोक्यात दोन गुरू अक्षरे बसवली असतील, तर ‘त्र्या’च्या वाट्याला पाव सेकंद येतो. तेवढ्यात अनुस्वाराचा ‘न’, मग त, र, य अशी चार व्यंजने पार करून ‘आ’वर पोचायचे असते. सूर ठरतो तो स्वरावर, व्यंजनावर नाही. मुरलेला गायक ही व्यंजने चटकन उरकतो. हौशी गायकाची जीभ मात्र वाट शोधते: कुणी ‘र’ गाळून ‘स्वातंत्या’ म्हणतो, कुणी मध्ये ‘अ’ घालून ‘स्वातंतर्या’. बोलीत ‘जन्म’चा ‘जनम’ होतो, तसेच हे. पण गाताना त्या ‘अ’ला जागा लागते. बारा जणांतल्या चौघांनी ती घेतली की ओळ फाटलीच.

आता ‘देश मोकळा, जयघोष करू’ म्हणून पाहावे. ‘देश मोकळा’ याच्याही मात्रा आठच. अक्षरे चाराची पाच झाली, तरी जीभ कुठे अडत नाही आणि तीन-तीन-दोन असे वजन केरव्यात सहज बसते. अर्थाला थोडी मुरड पडते, हे खरे. ‘स्वातंत्र्य’ हवेच असेल तर ते ध्रुवपदात, संथ लयीत ठेवावे. तिथे ‘तं’ लांबवून पुढच्या जोडाक्षराची तयारी करायला सवड मिळते. ‘महाराष्ट्र’ तर टाळताच येत नाही. त्यालाही अशीच ऐसपैस जागा द्यावी.

सगळी जोडाक्षरे मात्र जड नसतात. ‘तुम्ही’तला ‘म्ह’ किंवा ‘कुऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ मागच्या अक्षरावर आघात देत नाही, म्हणून ते लघूच राहते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ मोठ्याने म्हटले की फरक कळतो: पहिल्यात ‘द’ लघू, दुसऱ्यात गुरू. ‘पत्ता’, ‘गम्मत’ यांतही जिभेला किंवा ओठांना जागा बदलावी लागत नाही. द्रुत लयीत असे शब्द उलट ठेका देतात. खरी अडचण ‘उत्स्फूर्त’, ‘ज्योत्स्ना’ अशांची, कारण तिथे तीन वेगवेगळी व्यंजने एकमेकांना खेटून येतात.

गीत पक्के करण्याआधी चाल बाजूला ठेवून ओळ नुसती टाळीवर म्हणवून घ्यावी, प्रत्येक फेरीत थोडी जलद. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकताना ‘स’कडे कान द्यावा. सगळ्यांचा ‘स’ एकदम न येता मागेपुढे सांडल्यासारखा ऐकू आला, तर बदलायचा शब्द त्याच्या आसपासच असतो.